सुट्ट्यात आलेली दोनशेची नोट

गेल्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी एका दुकानात तीनशे रुपयांचं सामान घेतलं, पाचशेची नोट दिली. दुकानदारानं ती नोट डोक्यावरच्या ट्यूबलाईटसमोर धरली, उलटीपालटी केली, बोटानं चोळली, मग गल्ल्यात टाकली. मला दोनशेची एक नोट परत दिली. मी ती न बघताच खिशात घातली.

तिथून बाजारात गेलो. मेथीची जुडी, पावशेर लसूण, थोडे टोमॅटो घेतले आणि तीच दोनशेची नोट भाजीवाल्या मावशींना दिली. मावशींनी नोटेकडं नीट बघितलंसुद्धा नाही. अंगठा नोटेच्या कडेवरून फिरवला आणि परत माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "दादा, ही नको. दुसरी द्या."

मी म्हटलं, "का हो मावशी, काय झालं?"

"गुळगुळीत आहे. कोणी दिली तुम्हाला?"

आता सांगा, वीस-बावीस वर्षं बातमीदारी करतोय. बनावट नोटा पकडल्याच्या बातम्या मी स्वतः कितीतरी लिहिल्यात. आणि माझ्या खिशातली नोट खोटी आहे हे मला भाजीच्या पाटीवर कळलं. दुकानदारानं माझी नोट तपासली, मी त्याची तपासली नाही. आपण बहुतेक सगळे असंच करतो. पाचशेची नोट दोन्ही बाजूंनी तपासली जाते, पण सुट्ट्यात येणारी दोनशेची किंवा शंभराची नोट कोणी बघत नाही. बनावट नोट खपवणाऱ्यालाही हे माहीत असतं. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात बँकांमध्ये सापडलेल्या खोट्या नोटांचा तक्ता असतो. पाचशेइतक्या नसल्या तरी दोनशेच्या आणि शंभराच्या खोट्या नोटाही त्यात हजारांच्या संख्येनं असतात.

घरी आलो, कपाटातून बँकेतून काढलेली खरी दोनशेची नोट घेतली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. तासभर बघत बसलो. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. नोटेवरची प्रत्येक खूण ही कुठल्यातरी जुन्या फसवणुकीची आठवण आहे. खोटं करणारा एक पाऊल पुढं गेला की छापणाऱ्यानं एक खूण वाढवली. गेली दीडशेहून जास्त वर्षं हेच चाललंय. म्हणून नोट कशी तपासायची हे सांगताना तो इतिहासही सांगतो. खूण का आली हे कळलं की ती कशी बघायची हे लक्षात राहतं.

सुरुवात कागदापासून. १८६१ साली पेपर करन्सी अॅक्ट आला आणि नोटा काढायचा अधिकार सरकारकडं गेला. पहिल्या नोटांवर व्हिक्टोरिया राणीचं चित्र होतं. नोट एकाच बाजूनं छापलेली, कागद इंग्लंडमध्ये हातानं साच्यात बनवलेला. त्यात वॉटरमार्क होता, म्हणजे उजेडात धरल्यावर दिसणारी नागमोडी रेघांची आणि अक्षरांची खूण. त्या काळाच्या मानानं हा बंदोबस्त चांगलाच होता. तरीही काही वर्षांत इतक्या खोट्या नोटा निघाल्या की राणीच्या चित्राची सगळी मालिका मागं घ्यावी लागली. १८६७ पासून तिच्या जागी नव्या रचनेच्या नोटा आल्या. खोट्या नोटांमुळं आख्खी मालिका बदलायची वेळ आपल्याकडं आली ती तेव्हा पहिल्यांदा.

वॉटरमार्क मात्र टिकला आणि आजही तोच पहिला भरवशाचा पुरावा आहे. कारण तो छापलेला नसतो, कागद तयार होतानाच त्यात बनतो. लगदा ओला असताना साच्यामुळं कुठं कागद जाड होतो, कुठं पातळ. जाड भाग गडद दिसतो, पातळ भाग उजळ. त्यामुळं गांधीजींच्या चेहऱ्यावर गालाची, कपाळाची छाया हळूहळू गडद होत जाते, फोटोत असते तशी. त्याच्या शेजारी '२००' चा इंग्रजी आकडा अगदी उजळ, तारेनं कोरल्यासारखा दिसतो. साच्यावर आकड्याचा छोटा तुकडा बसवलेला असतो, त्यामुळं तिथं कागद सगळ्यात पातळ होतो.

माझ्या हातातल्या खोट्या नोटेत काय होतं? पांढऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा होता, पण फिकट राखाडी शाईनं छापलेला. नोट टेबलावर सपाट ठेवली तरी दिसत होता. इथंच चोरी पकडली जाते. खरा वॉटरमार्क नोट टेबलावर असताना जवळजवळ दिसत नाही, उजेडासमोर धरल्यावर उमटतो. खोटा उलटा, न धरताही दिसतो आणि धरल्यावर त्याच्यात जास्त काही उमटत नाही. आणि उजळ '२००' तर खोट्या नोटेत नव्हताच.

दुसरी खूण म्हणजे ज्याला आपण बाजारात सरळ 'तार' म्हणतो तो सुरक्षा धागा. हा आला दुसऱ्या महायुद्धातून. त्याआधी मधल्या काळात एक मोठी गोष्ट झाली होती, आणि ती आपल्या महाराष्ट्रातली आहे. तोवर नोटा इंग्लंडातून छापून यायच्या. १९२८ साली नाशिकच्या छापखान्यात नोटा छापायला सुरुवात झाली आणि १९३२ पर्यंत देशाच्या सगळ्या नोटा नाशिकला छापल्या जाऊ लागल्या. वॉटरमार्क बदलला, चित्रं जास्त बारकाईची झाली, एकापेक्षा जास्त रंग आले. १९३८ मध्ये रिझर्व्ह बँकेची पहिली नोट आली. पाच रुपयांची, सहाव्या जॉर्जच्या चित्राची.

मग युद्ध आलं. जपान्यांनी भारतीय नोटांच्या, विशेषतः दहा रुपयांच्या, उत्तम प्रतीच्या नकला केल्या. इथं खोटं करणारा कुणी गल्लीतला छापखानेवाला नव्हता, आख्खं सरकार होतं. सरकारकडं चांगली यंत्रं असतात, चांगला कागद असतो, पगारी कारागीर असतात. त्यांच्यापुढं नुसतं बारीक चित्र पुरत नाही. तेव्हा वॉटरमार्क बदलला, एका बाजूनं दिसणारा राजाचा चेहरा समोरून दिसणारा केला आणि भारतीय नोटेत पहिल्यांदाच सुरक्षा धागा घातला. कागद बनत असतानाच त्याच्या पोटात पट्टी सोडायची, म्हणजे तयार कागदावर नुसती छपाई करून ती आणताच येणार नाही. वॉटरमार्कमागची कल्पनाच पुढं नेली.

आजच्या दोनशेच्या नोटेत ही तार तुकड्या तुकड्यांनी वर येते. टेबलावर ठेवली की हिरवे तुकडे दिसतात, मध्ये कागद. उजेडासमोर धरली की वरपासून खालपर्यंत एकसंध काळसर रेघ दिसते. तारेवर 'भारत' आणि 'RBI' लिहिलेलं असतं. आणि नोट तिरकी केली की हिरवा रंग निळा होतो. माझ्या खोट्या नोटेत हिरवे चमकदार तुकडे होते, वरवर बघता फसेल असेच. पण उजेडात धरल्यावर त्या तुकड्यांच्या मधे काहीच दिसेना. रेघ तुटक. म्हणजे चकाकणारा कागद वरून चिकटवला होता. नोट तिरकी केली तर हिरव्याचा हिरवाच. काही ठिकाणी खोटी नोट दोन पातळ कागद एकमेकांना चिकटवून करतात आणि मध्ये पट्टी घालतात. तेव्हा रेघ एकसंध दिसू शकते. म्हणून नोटेचा कोपरा नखानं हलकेच चाळवून बघावा. खऱ्या नोटेचा कागद एकच असतो, तो सुटत नाही.

तिसरी पायरी झेरॉक्सच्या काळातली. नव्वदच्या दशकात रंगीत कॉपी काढणारी यंत्रं आली आणि जुन्या खुणा पुरेनात. म्हणून १९९६ मध्ये महात्मा गांधी मालिका आली. त्यात वॉटरमार्क बदलला, वरखाली डोकावणारी तार आली, लपलेला आकडा आला आणि अंध व्यक्तींना बोटानं कळेल अशी उठावाची छपाई आली. पुढं २००० साली पाचशे आणि हजारच्या नोटांवर रंग बदलणारी शाई आली. या सगळ्यांमागं एकच विचार आहे. यंत्र नोटेकडं एकाच कोनातून बघतं, माणूस हातात घेऊन हलवू शकतो. त्यामुळं नोट हलवली की बदलेल असं काहीतरी नोटेवर हवं.

दोनशेच्या नोटेवर पुढच्या बाजूला उजवीकडं खाली '₹200' असं छापलेलं असतं. ती शाई बघा. नोट सपाट असताना हिरवी, तिरकी केली की निळी. पाण्यावर पेट्रोल सांडलं की जसे रंग हलतात, तसंच काहीसं हे आहे. रंग रंगद्रव्यातून येत नाही, शाईतल्या अतिशय पातळ थरांवरून उजेड परतताना तयार होतो. घरातल्या किंवा दुकानातल्या प्रिंटरला हे जमत नाही, कारण तो ठिपक्या ठिपक्यानं हिरवा रंग टाकतो आणि हिरवा रंग कसाही धरला तरी हिरवाच राहतो. माझ्या नोटेवर '₹200' हिरवंच राहिलं. हे एवढं एकच मी दुकानात बघितलं असतं तरी पुरलं असतं. पाच सेकंदांचं काम.

आता मावशींच्या अंगठ्याकडं येऊ. खरी नोट उठावाच्या छपाईची असते. धातूच्या खोलगट कोरलेल्या प्लेटमध्ये शाई भरतात आणि प्रचंड दाबाखाली कागद त्यावर दाबतात. कागदच थोडा त्या खोबणीत शिरतो, त्यामुळं शाई कागदावर उंच उभी राहते. गांधीजींचं चित्र, अशोकस्तंभ हे सगळं असं हाताला लागतं. २०१५ मध्ये अंध व्यक्तींसाठी नोटेच्या दोन्ही कडांना तिरक्या उंच रेघा आल्या. आताच्या पाचशेच्या नोटेला अशा पाच रेघा आहेत. दोनशेच्या नोटेला चार, आणि त्यांच्या मध्ये दोन छोटी वर्तुळं. शिवाय दोनशेवर 'H' अक्षरासारखी एक उंच खूण असते. मावशी अंगठा फिरवत होत्या तो नेमका या रेघांवरून. त्यांना कुणी शिकवलेलं नाही, पण दिवसाला शंभर नोटा हातातून गेल्यावर अंगठ्याला सवय होते. अंध माणसासाठी काढलेली खूण अंधारात भाजी विकणाऱ्या बाईलाही उपयोगी पडली.

पण इथं एक अडचण आहे. नोट जुनी झाली, घामानं, दुमडून मऊ पडली की उठाव झिजतो. अशी नोट गुळगुळीत लागते आणि तरीही खरी असते. म्हणून फक्त हातावर निकाल देऊ नये. मावशींची शंका बरोबर निघाली, पण ती शंका होती. पुरावा नंतर उजेडात मिळाला. माझा नियम आता असा आहे: बोट, उजेड, तिरकी. आधी कडेच्या रेघा बोटानं बघायच्या, मग उजेडासमोर धरून चेहऱ्याची छाया, उजळ आकडा आणि एकसंध तार, मग तिरकी करून '₹200' आणि तारेचा रंग. तिन्हींत नापास झाली तर खोटी समजा. एकात नापास झाली तर घाई नको, दुसरी खरी नोट शेजारी ठेवून बघा.

निळ्या लाईटचंही सांगायला हवं, कारण हल्ली बऱ्याच दुकानांत तो असतो. साध्या कागदात पांढरेपणासाठी जे रसायन घालतात ते या उजेडात निळसर चमकतं. नोटेच्या कागदात ते नसतं. त्यामुळं खरी नोट अंधुक राहते आणि तिच्यातले बारीक तंतू आणि क्रमांक तेवढे उजळतात. माझी नोट ओळखीच्या एका दुकानदाराच्या लाईटखाली धरली तर सगळीच्या सगळी चमकली. पण तोच दुकानदार म्हणाला, "एकदा एका गिऱ्हाइकाची खरी नोट मी परत केली होती हो. पँटच्या खिशात धुऊन निघाली होती." धुण्याच्या पावडरीतही तेच पांढरेपणाचं रसायन असतं, ते नोटेला चिकटतं आणि खरी नोट चमकायला लागते. तेव्हा लाईट हा मदतनीस आहे, न्यायाधीश नाही.

आणि व्हॉट्सअॅपवरचं ज्ञान तर बिलकुल वापरू नका. नोव्हेंबर २०१६ मध्ये नव्या नोटा आल्या तेव्हा दोन हजारांच्या नोटेत चिप आहे अशी थाप सगळ्या गावानं ऐकली. उलट झालं असं की नवी नोट कुणी नीट पाहिलेली नसल्यानं पहिल्या काही आठवड्यांत रंगीत झेरॉक्स काढलेल्या नोटा लोकांच्या गळ्यात मारल्याच्या बातम्या आल्या. नोटेची ओळख नसणं हीच खोट्या नोटेची सगळ्यात मोठी संधी. नंतर मेसेज फिरला की पाचशेच्या नोटेत हिरवी पट्टी गांधीजींच्या चित्राजवळ असेल तर ती खोटी. तेही चूक, दोन्ही प्रकारच्या नोटा खऱ्या आहेत. २०२३ मध्ये क्रमांकात चांदणी असलेल्या नोटा खोट्या असल्याची अफवा उठली आणि रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी जी नोट घालतात तिच्या क्रमांकात चांदणी असते, बस्स. अशा अफवांमुळं खऱ्या नोटेवरून भांडणं होतात आणि खोटी मात्र चालत राहते.

आता माझ्या नोटेचं काय केलं ते सांगतो, कारण खरा प्रश्न इथं आहे. पहिल्यांदा मनात आलं ते प्रामाणिकपणे लिहितो. वाटलं, पंपावर गर्दीत देऊन टाकावी. दोनशे रुपये माझे गेले, मी काय ती छापली नाही. तुमच्यातही बऱ्याच जणांनी असं केलं असेल. पण कायदा इथं फरक करतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १८० मध्ये खोटी नोट जवळ बाळगणं तेव्हाच गुन्हा आहे, जेव्हा ती खोटी आहे हे माहीत असून ती खरी म्हणून चालवायचा इरादा असेल. नोट कायदेशीर मार्गानं हाती आली हे दाखवता आलं तर या कलमाखाली गुन्हा होत नाही. पण खोटी आहे हे कळल्यावर ती दुसऱ्याला खरी म्हणून देणं हा कलम १७९ चा गुन्हा आहे, आणि तो साधा नाही. भाजीच्या पाटीवर मावशींनी नोट परत केली तोवर मी फसलेला माणूस होतो. पंपावर दिली असती तर मी आरोपी झालो असतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. रोखपालानं यंत्रात टाकली, हातानं बघितली आणि तिच्यावर 'COUNTERFEIT NOTE' असा शिक्का मारला. मला ठरावीक नमुन्यातली पोचपावती दिली. पैसे मिळाले नाहीत, मिळणारही नाहीत. खोट्या नोटेची भरपाई नसते, खात्यातही जमा होत नाही. पण नोट मला परत देणं किंवा फाडून टाकणं बँकेला चालत नाही, ती जप्तच करावी लागते. एका व्यवहारात चारपर्यंत खोट्या नोटा असतील तर बँक महिन्याच्या अहवालात पोलिसांना कळवते. पाच किंवा जास्त असतील तर लगेच गुन्हा नोंदवायला सांगावं लागतं. कुणी रोखपाल "घेऊन जा, कुठंतरी चालवा" म्हणाला तर ते चुकीचं आहे, हे लक्षात ठेवा. पावती मागून घ्या.

दुकानात परत गेलो नाही असं नाही. गेलो. दुकानदार म्हणाला, "साहेब, माझ्याकडून गेली याला पुरावा काय?" आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी काउंटरवरून हललो तिथंच माझा पुरावा संपला. दोनशे रुपयांचा धडा एवढाच. सुट्टे हातात आले की तिथंच, त्याच्यासमोर, अंगठा फिरवायचा आणि नोट तिरकी करायची. तो आपली नोट तपासतो तेव्हा आपल्याला राग येत नाही. आपण तपासली तर त्यालाही यायचं कारण नाही.

मावशींना दुसऱ्या दिवशी भेटलो. सांगितलं, नोट खोटीच होती, बँकेत जमा केली. त्या म्हणाल्या, "बरं केलं दादा. नाहीतर फिरून परत आमच्याच पाटीत आली असती." ते खरंच आहे. खोटी नोट फिरत फिरत शेवटी तिथंच थांबते, जिथं दोनशे रुपये म्हणजे दिवसाची कमाई असते.

तुमच्या हाती अशी नोट आली असेल तर कुठल्या खुणेवरून ओळखली ते खाली लिहा. दुकानाचं नाव नको, खूण सांगा.